घात एक, मुळे चार: संमिश्र संख्येचे ध्रुवीय रूप वापरताना

आमच्या क्लासला येणाऱ्या अकरावीच्या आणि डिप्लोमा-इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांसाठी हे पत्रक आहे. संमिश्र संख्यांच्या धड्यातले, द मॉयव्हरच्या प्रमेयाने काढायचे घात बहुतेकांना लवकर जमतात. तेच प्रमेय उलटे वापरून मुळे काढायची वेळ आली की मात्र मार्क जातात, आणि ते साधारण दोनच जागी जातात. या दोन्ही जागा एकाच उदाहरणात दाखवता येतात, म्हणून इथे शेवटपर्यंत तेच उदाहरण ठेवले आहे. वही जवळ घेऊन वाचा.

आधी घात. √3 + i ही संख्या घ्या. तिचा मापांक √(3 + 1) = 2. दोन्ही भाग धन आहेत, म्हणजे बिंदू पहिल्या चरणात आहे आणि कोनांक 30° आहे.

√3 + i = 2(cos 30° + i sin 30°)

दोन संमिश्र संख्यांचा गुणाकार करताना मापांकांचा गुणाकार होतो आणि कोनांकांची बेरीज होते. त्यामुळे तीच संख्या चार वेळा घेऊन गुणली, तर मापांक 2⁴ होतो आणि कोन 30° ची चौपट होतो.

(√3 + i)⁴ = 16(cos 120° + i sin 120°) = −8 + 8√3 i

चौथा घात कंस उलगडूनही निघाला असता. पण दहावा घात विचारला, तर कंस उलगडण्यात पान भरेल. ध्रुवीय रूपात मापांक 1024, कोन 300° आणि उत्तर 512 − 512√3 i. दोन ओळींत काम संपते.

मापांकाचा घात करायचा आणि कोनाला घातांकाने गुणायचे, हे प्रमेय अब्राहम द मॉयव्हर यांच्या नावाने ओळखले जाते. त्यांचा जन्म १६६७ मध्ये फ्रान्समध्ये झाला. प्रोटेस्टंट असल्यामुळे त्यांना देश सोडावा लागला आणि पुढे लंडनमध्ये त्यांनी खासगी शिकवण्या करून पोट भरले. एवढा मोठा गणिती आमच्याच पेशातला होता, याचा आम्हांला अभिमान वाटतो.

आता दुसरी संख्या पाहा: −1 + √3 i. हिचाही मापांक 2 आहे, पण कोनांक 120° आहे. चौथा घात केला की मापांक 16 आणि कोन 480° येतो. 480° म्हणजे एक पूर्ण फेरी आणि वर 120°. म्हणजे उत्तर पुन्हा −8 + 8√3 i.

दोन वेगळ्या संख्या आणि चौथा घात एकच! मुळांचे सगळे मर्म इथे आहे. घात करताना पूर्ण फेऱ्या हरवतात. कोनात 360° मिळवले काय आणि न मिळवले काय, बिंदू जागेवरच राहतो. मुळे काढताना कोनाला भागायचे असते. 360° ला 4 ने भागले की 90° उरतात आणि 90° ने बिंदू नक्कीच हलतो. म्हणून भागण्याच्या आधी कोनात पूर्ण फेऱ्या मिळवून घ्याव्या लागतात. मार्क जाण्याची पहिली जागा हीच. ही पायरी गाळून 120° ला 4 ने भागले, तर फक्त 30° चे मूळ हाती लागते आणि बाकीची तीन राहून जातात.

म्हणून −8 + 8√3 i ची चौथी मुळे काढताना आधी ही ओळ लिहा:

16[cos(120° + 360°k) + i sin(120° + 360°k)]

मग मापांकाचे चौथे मूळ घ्या, ते 2. कोनाला 4 ने भागा, तो 30° + 90°k. आता k च्या जागी 0, 1, 2, 3 ठेवले की कोन 30°, 120°, 210° आणि 300° मिळतात.

k = 0: √3 + i
k = 1: −1 + √3 i
k = 2: −√3 − i
k = 3: 1 − √3 i

k = 4 ठेवले तर 390° येतात, म्हणजे परत 30°. त्यामुळे मुळे चारच. आकृती काढलीत तर ती 2 त्रिज्येच्या वर्तुळावर, चौरसाच्या चार कोपऱ्यांवर बसलेली दिसतील.

दुसरी जागा जास्त फसवी आहे. 120° हा कोन आपल्याला आधीपासून माहीत होता. परीक्षेत नुसते −8 + 8√3 i दिलेले असते आणि विद्यार्थी कॅल्क्युलेटरवर tan⁻¹(8√3/−8) काढतात. उत्तर −60° येते. भागाकार केला की उणे चिन्ह वरच्या संख्येचे होते की खालच्या, हे कॅल्क्युलेटरला कळायला मार्ग नसतो. tan⁻¹ कायम −90° ते 90° मधलाच कोन देते. आपला बिंदू डावीकडे वर, दुसऱ्या चरणात आहे, म्हणून 180° मिळवून 120° घ्यायला हवा. आमचा आग्रह असा, की कोन लिहिण्याआधी समासात दोन अक्ष काढून बिंदू कुठे पडतो ते पाहा. याला फार वेळ लागत नाही.

−60° तसाच ठेवला तर मुळांचे कोन −15°, 75°, 165° आणि 255° येतात. मुळे चार, अंतर 90°, आकृतीत चौरसही सुबक दिसतो. मुळांची बेरीज शून्य येते का, हा ताळा पुष्कळ जण करतात. इथे तोही जुळतो! कारण वर्तुळावर समान अंतरावर बसलेल्या बिंदूंची बेरीज शून्यच असते, मग तो चौरस कसाही फिरवलेला असो. या ताळ्याने मूळ राहून गेले असेल तर कळते, पण कोन चुकला असेल तर कळत नाही. त्यासाठी एखाद्या मुळाचा पुन्हा चौथा घात करायचा. −15° ची चौपट −60°, म्हणजे 8 − 8√3 i. दोन्ही चिन्हे उलटी आली की चरण चुकला हे लगेच समजते.

कॅल्क्युलेटरचा कोन अंशांत आहे की रेडियनमध्ये, हेही सुरुवातीलाच पाहून घ्या.

विद्यापीठाच्या पेपरात अपूर्णांक घात आवडीने विचारतात. समजा (−8 + 8√3 i)^(3/4) च्या सर्व किमती हव्या आहेत. आधी घन करा: मापांक 4096, कोन 360°, म्हणजे संख्या झाली नुसती 4096. मग तिची चौथी मुळे काढा. कोन 0°, 90°, 180°, 270° आणि किमती 8, 8i, −8, −8i. अशा प्रश्नाला जोडून किमतींचा गुणाकार विचारला असेल, तर तो इथे −4096 येतो.

मात्र घाताचा अपूर्णांक आधी संक्षिप्त रूपात आणा. 2/4 हा घात तसाच ठेवून वर्ग केला आणि मग चौथी मुळे काढली, तर चार किमती मिळतात. खरा घात 1/2 आहे आणि त्याच्या किमती दोनच आहेत. उरलेल्या दोन किमतींचा वर्ग करून पाहिला, तर तो मूळ संख्येच्या विरुद्ध चिन्हाचा निघतो.