पाचशे चाचण्यांची यादी खालून वर वाचावी

गाठीतल्या पेशींमध्ये ५०० जनुकं किती सक्रिय आहेत हे मोजून निरोगी पेशींशी ताडलं, की ५०० पी-मूल्यं हाती येतात. एकाही जनुकात खरा फरक नसला, तरी ०.०५ च्या निकषानं सरासरी २५ जनुकं 'वेगळी' ठरतात. बॉन्फेरोनी पद्धत हा निकष ५०० नं भागून ०.०००१ वर आणते. एकही खोटा शोध न लागण्याची काळजी ती घेते, पण खरे फरकही हातचे जातात.

योआव बेंजामिनी आणि योसेफ होखबर्ग यांनी १९९५ मध्ये वेगळी अट मांडली: जाहीर केलेल्या शोधांमध्ये खोट्यांचं प्रमाण सरासरी ५ टक्क्यांपेक्षा जास्त नसावं. यालाच फॉल्स डिस्कव्हरी रेट म्हणतात.

त्यासाठी पी-मूल्यं चढत्या क्रमानं लावायची आणि प्रत्येकाला त्याच्या क्रमांकाप्रमाणे मर्यादा द्यायची: क्रमांक × ०.०५ ÷ ५००. म्हणजे पहिल्याला ०.०००१, दुसऱ्याला ०.०००२, असं पुढे. समजा, पहिली सात मूल्यं ०.००००२, ०.००००९, ०.०००३४, ०.०००३७, ०.०००४६, ०.०००५५ आणि ०.००११ आहेत. तिसरं आपल्या ०.०००३ या मर्यादेबाहेर आहे. चौथं, पाचवं, सहावं मर्यादेत बसतात. सातवं आणि त्यापुढची सगळी बाहेर.

इथेच बहुतेक जण चुकतात. वरून वाचत तिसऱ्यापाशी थांबलं, तर दोनच जनुकं मिळतात. वाचायचं मात्र सर्वांत मोठ्या मूल्यापासून, म्हणजे यादीच्या तळापासून वर. मर्यादेत बसणारं पहिलं मूल्य सहावं भेटतं. तिथे थांबायचं आणि ते धरून त्याच्या वरची सगळी स्वीकारायची, तिसरंसुद्धा. कारण सहा शोध जाहीर करायचे ठरले, की सहाही जणांना एकच निकष लागतो, ०.०००६, आणि तिसरं त्यात आरामात बसतं. बॉन्फेरोनीनं दोनच दिली असती.

आर भाषेत हे एका ओळीत होतं, उत्तरात ०.०५ किंवा त्याखाली आलेली जनुकं घ्यायची:

```r
p.adjust(p, method = "BH")
```

या `p` मध्ये पाचशेच्या पाचशे मूल्यं हवीत. आधी ०.०५ खालची वेगळी काढून तेवढीच दिली, तर शेवटच्या क्रमांकाची मर्यादा ०.०५ होते, सर्वांत मोठं मूल्यही त्यात बसतं आणि अख्खी यादी 'शोध' ठरते. दिलेली सगळीच्या सगळी मूल्यं पास झाली, तर आधी हेच तपासावं.

चाचण्या एकमेकींपासून स्वतंत्र असतील, किंवा विशिष्ट प्रकारे एका दिशेनं निगडित असतील, तर ५ टक्क्यांची हमी टिकते. निगडितपणा कसाही असू शकत असेल, तर `method = "BY"` वापरावी. ५०० चाचण्यांसाठी ती प्रत्येक मर्यादा सुमारे ६.८ नं भागते, आणि मग आपल्या यादीतलं एकही जनुक उरत नाही.