वर्गसंख्या ठळक केलेला पाढ्यांचा छापील तक्ता

वरच्या आडव्या ओळीत आणि डावीकडच्या उभ्या ओळीत १ ते १० अंक लिहून, दोन ओळी जिथे मिळतात त्या घरात त्या अंकांचा गुणाकार मांडला की पाढ्यांचा चौकटी तक्ता तयार होतो. अंकलिपीतल्या उजळणीहून तो वेगळा आहे. उजळणीत पाढे शेजारी शेजारी उभे छापलेले असतात आणि ते म्हणून पाठ करायचे असतात. चौकटी तक्ता मात्र पाहायचा असतो, आणि त्यात पाहण्यासारखी मुख्य गोष्ट म्हणजे डावीकडच्या वरच्या कोपऱ्यातून उजवीकडच्या खालच्या कोपऱ्यापर्यंत जाणारा कर्ण. १, ४, ९, १६, २५ पासून १०० पर्यंतच्या वर्गसंख्या याच कर्णावर येतात.

हा कर्ण आरशासारखा असतो. त्याच्या एका बाजूला चार साते अठ्ठावीस असेल, तर दुसऱ्या बाजूला तितक्याच अंतरावर सात चोक अठ्ठावीस सापडते. शंभर घरांपैकी दहा कर्णावर आणि प्रत्येक बाजूला पंचेचाळीस असल्यामुळे मुलाने खरोखर लक्षात ठेवायचे गुणाकार पंचावन्नच उरतात. दुसरा उपयोग मोजण्याचा आहे. कर्णावरच्या २५ वर बोट ठेवून तिथून वरचा आणि डावीकडचा सगळा भाग धरला, तर पाच घरे रुंद आणि पाच घरे उंच असा चौरस मिळतो व त्यात बरोबर पंचवीस घरे असतात. ‘वर्ग’ हा शब्द मुलाला इथे डोळ्यांनी कळतो, पण त्यासाठी प्रत्येक घर खरोखर चौरस हवे. लांबट घरांच्या तक्त्यात हाच भाग आयत दिसतो आणि सगळी गंमत जाते.

कोणती घरे रंगवायची, हा प्रश्न वाटतो तितका सरळ नाही. तक्त्यात वर्गसंख्या असलेली घरे दहा नसून अठरा आहेत, कारण ४ आणि ९ हे अंक पहिल्या आडव्या व उभ्या ओळीतही येतात, १६ हा आकडा दोन आठे सोळा म्हणून आणि ३६ हा चार नव्वे छत्तीस म्हणून कर्णाबाहेर दोन दोनदा येतो. मोठ्या मुलांसाठी ही आठ घरे चांगले कोडे ठरतात. लहानांच्या तक्त्यात मात्र ती रंगवली की कर्णाची रेघ विस्कटते. म्हणून रंग आकडा पाहून न भरता जागा पाहून भरावा. स्प्रेडशीटमध्ये A1 रिकामे ठेवून अंक पहिल्या ओळीत व पहिल्या स्तंभात लिहिले, तर पहिले सूत्र B2 मध्ये लिहून सगळ्या तक्त्यात ओढता येते आणि दुसरे रंगाची अट म्हणून देता येते:

```
=$A2*B$1
=$A2=B$1
```

मापाचा हिशेब कागदापासून सुरू होतो. ए-फोर कागद २१० मि.मी. रुंद असतो, तक्त्यात शीर्ष धरून अकरा स्तंभ येतात. प्रत्येक घर १७ मि.मी. ठेवले तर तक्ता १८७ मि.मी. होतो आणि दोन्ही बाजूंना साडेअकरा मि.मी. समास उरतो. आकड्याचा आकार ठरतो तो १०० या एकट्या तीन अंकी आकड्यावरून: २४ पॉइंटात तो फॉन्टप्रमाणे साधारण १४ मि.मी. जागा घेतो, म्हणजे घरात नीट मावतो, आणि अंकांची उंची सहा मि.मी.च्या आसपास येते. टेबलावर ठेवून वाचायला ती पुरेशी आहे, भिंतीवर टांगायला नाही. भिंतीसाठी झेरॉक्सवाल्याला १४१ टक्के म्हटले की तोच तक्ता ए-थ्रीवर येतो आणि घर २४ मि.मी.चे होते.

पुण्यात तयार तक्ते आणि अंकलिप्या अप्पा बळवंत चौकात मिळतात. घरी बनवलेला तक्ता मात्र बहुधा गल्लीतल्या झेरॉक्सच्या दुकानात छापला जातो आणि चुका तिथेच होतात. ‘पानात बसवा’ हा पर्याय चालू राहिला की तक्ता नकळत बारीक होतो, म्हणून छपाई शंभर टक्के मापाने करून पट्टीने १८७ मि.मी. मोजून पाहावेत. पिवळा रंग काळ्या-पांढऱ्या प्रतीत जवळपास नाहीसा होतो, तर गडद लाल इतका काळा येतो की ६४ त्यात बुडून जातो. फिकट करडी छटा आणि भोवती जाड चौकट दिली की एक पुसट आली तरी दुसरी दिसते.

घरे मोजताना मुले हमखास एक चूक करतात: शीर्षाची ओळ आणि शीर्षाचा स्तंभही मोजतात, आणि पाच पंचे पंचवीसच्या चौरसात त्यांना छत्तीस घरे सापडतात. शीर्षाचे अंक वेगळ्या जाडीत छापून, त्यांच्या आणि आतल्या घरांच्या मध्ये एक ठसठशीत रेघ ओढली की मोजणी १ च्या घरापासून सुरू होते.