प्रलोभन-सांगड

प्रलोभन-सांगड (टेम्प्टेशन बंडलिंग) : नकोसे पण हिताचे काम करत असतानाच एखादे आवडते सुख घ्यायचे आणि ते सुख एरवी वर्ज्य ठेवायचे, अशी स्वनियंत्रणाची रीत. वर्तनवादी अर्थशास्त्रात ही संज्ञा कॅथरीन मिल्कमन, ज्युलिया मिन्सन व केविन व्होल्प यांच्या 2014 मधील शोधनिबंधाने रूढ केली.

या रीतीचे मूळ काही जण मानसशास्त्रज्ञ डेव्हिड प्रीमॅक यांच्या तत्त्वात शोधतात. 1959 च्या सुमारास मांडलेल्या या तत्त्वानुसार प्राणी जी कृती आपणहून अधिक करतो, ती कमी आवडत्या कृतीसाठी बक्षीस ठरू शकते. मात्र तिथे बक्षीस काम उरकल्यावर मिळते, तर सांगडीत काम आणि सुख एकाच वेळी चालते. त्यामुळे प्रीमॅक-तत्त्वाला पूर्वसूरी म्हणणे ठीक, उगम म्हणणे जरा ताणलेले वाटते. जात्यावरच्या ओव्यांचाही दाखला सुचतो. कष्टाला गाण्याची जोड तिथे आहेच, पण ओवी जात्यापुरतीच राखून ठेवलेली नव्हती. म्हणून तिला काटेकोर अर्थाने सांगड म्हणता येत नाही.

हा राखून ठेवण्याचा भागच 2014 च्या प्रयोगात तपासला गेला. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील 226 जणांचे तीन गट केले होते. पहिल्या गटाला खिळवून ठेवणारी श्राव्य पुस्तके मिळाली, पण ती ज्या आयपॉडवर होती तो व्यायामशाळेतच कुलपात राही. दुसऱ्या गटाची पुस्तके स्वतःच्या आयपॉडवर होती. ती व्यायामाच्या वेळीच ऐकावीत, एवढेच त्यांना सुचवले होते. तिसऱ्या गटाला भेटकूपन दिले. सुरुवातीला तिसऱ्या गटाच्या तुलनेत पहिल्या गटाच्या व्यायामशाळेतल्या फेऱ्या 51 टक्के, तर दुसऱ्याच्या 29 टक्के जास्त भरल्या. पुढे हा फरक ओसरत गेला, विशेषतः थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीनंतर. तरीही प्रयोग संपल्यावर 61 टक्के सहभागींनी असे व्यायामशाळेपुरते बांधलेले आयपॉड मिळावेत म्हणून पदरचे पैसे मोजण्याची तयारी दाखवली. स्वतःवर कुलूप घालून घ्यायला माणसे किंमत देतात, हा निष्कर्ष आकडेवारीइतकाच लक्षणीय मानावा लागेल.

कुलूप खरोखर लागते का, हा प्रश्न 2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासाने पुन्हा उभा केला. त्यात एका अमेरिकी व्यायामशाळा-साखळीतील सुमारे 6,800 सदस्य होते. श्राव्य पुस्तक फुकट मिळाल्याने व्यायाम काहीसा वाढला. सांगड घालण्याचा स्पष्ट सल्ला दिल्याने त्यात फारशी भर पडली नाही. पुस्तक हाती येताच लोकांनी त्यातला इशारा ओळखला असावा, असे संशोधक सुचवतात.

दोन्ही कृती एकाच अवधानावर हक्क सांगू लागल्या की सांगड मोडते. ट्रेडमिलवर गोष्ट ऐकता येते. हिशेब तपासताना ती ऐकायला गेल्यास एक तर बेरीज चुकते, नाहीतर कथानक निसटते. दुसरा धोका पळवाटेचा : राखून ठेवलेली गोष्ट घरी सोफ्यावर ऐकली जाऊ लागली की तिची ओढ व्यायामाला उपयोगी पडत नाही.