सपाट पट्टीवरचा सीमास्तर: दोन चलांचे एक चल कसे झाले

ऑगस्ट १९०४ मध्ये हायडेलबर्गच्या आंतरराष्ट्रीय गणित परिषदेत लुडविग प्रांटल यांनी एक छोटासा निबंध वाचला. त्यातली कल्पना अशी की, प्रवाही पदार्थाची श्यानता कमी असली तर तिचा परिणाम पृष्ठभागालगतच्या पातळ थरापुरताच उरतो. या सीमास्तराचे समीकरण त्यांनी मांडले. पट्टीच्या दोन्ही बाजूंवरच्या घर्षणबलाच्या सूत्रात त्यांचा गुणांक सुमारे १.१ होता. तो नेमका काढायचे काम गॉटिंगेनमधले त्यांचे विद्यार्थी हाइनरिख ब्लासियस यांनी केले आणि १९०८ साली प्रसिद्ध केले.

समीकरण आंशिक होते: वेग पट्टीवरच्या अंतरावरही (x) अवलंबून आणि उंचीवरही (y). सुटका झाली ती पट्टीला स्वतःची लांबीच नसल्यामुळे. ती पुढे कितीही पसरलेली असो, या समीकरणात पुढच्या टोकाची खबर मागे पोहोचत नाही. बाहेरच्या प्रवाहाचा वेग U, थरातला पट्टीच्या दिशेचा वेग u आणि श्यानता भागिले घनता म्हणजे ν असे धरले, तर x ठिकाणी उंची मोजायला एकच नैसर्गिक माप उरते, √(νx/U). त्या मापाने मोजले की प्रत्येक ठिकाणचा वेगाचा आलेख एकच असायला हवा:

η = y√(U/νx),  u/U = f′(η)

हे समीकरणात घातले की x सगळीकडून कटतो आणि उरते

f‴ + ½ f f″ = 0

पण नुसते समीकरण सुटसुटीत होऊन भागत नाही, सीमा-अटीही जुळाव्या लागतात; माझ्या मते खरी कसोटी इथेच आहे. पट्टीपासून दूर वेग U आणि सुरुवातीच्या कडेवरही वेग U, या दोन वेगळ्या अटी η → ∞ या एकाच अटीत मिळून जातात. बाहेरचा वेग x नुसार मनमानी बदलत असता, तर x कटलाच नसता.

आता अडचण अशी की f आणि f′ पट्टीवर शून्य, पण तिसरी अट अनंतावर. ब्लासियस यांनी पट्टीजवळ घातश्रेणी मांडली आणि ती दूरच्या उकलीशी जोडली. १९१२ मध्ये टोप्फर यांनी सोपी वाट काढली. F ही उकल असेल तर aF(aη) हीसुद्धा उकल असते. म्हणून F″(0) = 1 धरून एकदाच आकडेमोड करायची. F′ शेवटी २.०८५४ वर स्थिरावतो, तो १ व्हावा म्हणून a² = 1/2.0854, आणि f″(0) = a³ = 0.332. अंदाज बांधून पुन्हापुन्हा सोडवायची गरजच नाही. चौपट केले की १.३२८, हा प्रांटल यांच्या १.१ च्या जागी आलेला गुणांक.

१० मीटर प्रतिसेकंद वेगाच्या हवेत (ν सुमारे १.५×१०⁻⁵ चौ. मी. प्रतिसेकंद) कडेपासून १० सेंटीमीटरवर थर जेमतेम २ मिलिमीटर जाडीचा असतो आणि ४० सेंटीमीटरवर दुप्पट. अगदी कडेवर मात्र ही उकल चालत नाही, कारण तिथे थर पातळ असल्याचे गृहीतच मोडते. दुसरीकडे Ux/ν साधारण ५×१०⁵ च्या पुढे गेला की प्रवाह सहसा खळबळू लागतो. तेव्हा मोजलेले घर्षण या सूत्रापेक्षा बरेच जास्त भरते.