केकवरची चकाकी खिडकीची असते

बेकरीच्या काउंटरमागे लावायला केकचा मोठा फोटो हवा असला की आधी जास्त मेगापिक्सेलचा मोबाइल शोधला जातो आणि मग फ्लॅश मारला जातो. ग्लेझवर पांढराफटक ठिपका उमटतो आणि बाकीचा केक रेक्झिनसारखा दिसतो. मेगापिक्सेल इथे काही करू शकत नाहीत.

चकाकी म्हणजे ग्लेझचा रंग नव्हे, त्यात पडलेलं प्रतिबिंब. जिलेटिन, साखर आणि ग्लुकोज सिरपचं कोमट मिश्रण 32 ते 35 अंशांना गोठवलेल्या केकवर ओतलं की ते वाहत जाऊन स्वतःच सपाट होतं आणि आरशासारखं वागतं. प्रकाश ज्या कोनात येतो त्याच कोनात परततो. सरळ वरून पडलेल्या प्रकाशापैकी जेमतेम तीन-चार टक्के परततो. अगदी तिरप्या प्रकाशात हे प्रमाण कित्येक पटींनी वाढतं. म्हणून खिडकी केकच्या मागे, जराशी डावीकडे ठेवा आणि कॅमेरा खाली आणा, केकच्या उंचीपेक्षा थोडाच वर. खिडकीवर बटर पेपर लावला की ठिपक्याऐवजी रुंद, मऊ कडेचा उजळ पट्टा दिसतो. समोरच्या बाजूला थर्माकोलचा तुकडा धरला की सावली हलकी होते.

कापलेल्या तुकड्याची जाळी दिसायला हाच तिरपा प्रकाश लागतो, फक्त कापलेली बाजू खिडकीकडे थोडी वळवायची. प्रत्येक छिद्राची एक भिंत उजळते, दुसरी काळोखात राहते. सुरी गरम पाण्यात बुडवून, पुसून, प्रत्येक कापानंतर पुन्हा पुसायची, नाहीतर जाळी दबून गाभा गिच्च दिसतो. क्रीमचं उलट आहे: प्रकाश आत शिरून बुडबुड्यांवर आणि स्निग्धकणांवर विखुरत बाहेर येतो, म्हणून ती मऊ दिसते. जास्त फेटली की हे कण एकमेकांना चिकटून गुठळ्या होतात आणि फोटोत ती दाणेदार रव्यासारखी दिसते.

आता मराठवाड्यातली खरी अडचण. मे महिन्यात लातूरच्या एखाद्या खोलीत 38 अंश तापमान आणि 25 टक्के आर्द्रता धरा. हवा कोरडी वाटते, पण तिचं दव साधारण 14-15 अंशांना जमतं. फ्रीजमधला केक असतो 5 अंशांचा. बाहेर काढताच त्यावर सूक्ष्म थेंब बसतात, प्रकाश चहूकडे विखुरतो आणि आरसा धुरकट होतो. पावसाळ्यात 28 अंश आणि 85 टक्क्यांना दव 25 अंशांनाच जमतं. केक तिथपर्यंत गरम होऊ द्यावा तर क्रीम ढिली पडते. काही दुकानांत याला ‘ताजेपणाचा घाम’ म्हणतात. तो ताजेपणा नव्हे, खोलीतल्या हवेचं पाणी आहे.

कागदाने टिपायला जाल तर ग्लेझवर वळ उमटतात. त्यापेक्षा आधी त्याच आकाराचा डबा ठेवून कॅमेरा, बटर पेपर आणि थर्माकोल पक्के करा, एसी लावून खोलीतली दमट हवा कमी करा आणि केक शेवटी आणा. पहिल्या दोन-तीन मिनिटांतले फोटोच उपयोगाचे. तेवढ्यातही दव पडलंच, तर फ्रीजमधला दुसरा तुकडा काढा.