बीजक आणि पावती

बीजक म्हणजे विकलेल्या मालाचा तपशील आणि त्यापोटी येणे असलेली रक्कम लिहून विक्रेत्याने खरेदीदाराला दिलेला कागद. ती रक्कम हाती आल्यावर तसे लिहून दिलेला कागद म्हणजे पावती. बाजारात बीजकाला सगळे ‘बिल’च म्हणतात, बीजक हा शब्द वहीखात्यात आणि परीक्षेत भेटतो. ‘पावती’ मात्र रोजच्या वापरातली आहे आणि तिचा अर्थ तिच्या नावातच दडलेला आहे. पावणे म्हणजे पोचणे, मिळणे. पैसे पावले, म्हणून पावती.

मुलांचा गोंधळ होतो तो दुकानाच्या गल्ल्यावर. मालवणच्या बाजारपेठेतल्या एखाद्या स्टेशनरीच्या दुकानात दहा रुपयांचे पेन आणि तीस रुपयांची वही घेतली, चाळीस रुपये दिले, तर दुकानदार एकच चिटोरे फाडून देतो. त्यावर वस्तू असतात, किंमत असते आणि पैसे रोख मिळाल्याची नोंदही असते. माल देणे आणि पैसे घेणे एकाच क्षणी उरकले, म्हणून दोन कागदांचे काम एकाने केले. या कागदाला रोख बिल किंवा कॅश मेमो म्हणतात. फरक कळायला हवा असेल तर माल एका दिवशी आणि पैसे दुसऱ्या दिवशी, अशी खरेदी पाहावी लागते. कोकणात अशी खरेदी दर जून महिन्यात होते, शाळा सुरू होताना.

समजा, गावातल्या एका शाळेने या दुकानातून २४० वह्या आणि १०० पेने मागवली. वहीचा दर ३५ रुपये आणि पेनाचा करापूर्वीचा दर ८ रुपये ठरला. १० जूनला दुकानदाराने माल टेम्पोत चढवला आणि बीजक केले. वह्यांचे ८,४०० रुपये झाले. त्यांवर कर नाही, कारण २२ सप्टेंबर २०२५ पासून वह्यांवरचा जीएसटी शून्य आहे. पेनांचे ८०० रुपये झाले. पेनांवर १८ टक्के जीएसटी लागतो. दुकान आणि शाळा एकाच राज्यात असल्याने तो दोन सारख्या भागांत लिहिला जातो, ९ टक्के केंद्राचा आणि ९ टक्के राज्याचा, म्हणजे ७२ अधिक ७२. पेनांची रक्कम ९४४ झाली आणि बीजकाची बेरीज ९,३४४ रुपये.

या कागदावर दुकानाचे नाव-पत्ता, पंधरा अक्षर-अंकी जीएसटी क्रमांक (महाराष्ट्रातला असेल तर सुरुवात २७ ने), बीजक क्रमांक, तारीख, खरेदीदाराचे नाव, प्रत्येक वस्तूचे नग, दर आणि कर, आणि शेवटी सही असते. यातला बीजक क्रमांक विद्यार्थ्याने नीट पाहावा. तो ओळीने चालतो आणि एका आर्थिक वर्षात पुन्हा येत नाही. मधलाच एखादा क्रमांक गायब दिसला तर हिशेब तपासणारा पहिला प्रश्न तिथेच विचारतो. जीएसटीची नोंदणी नसलेल्या छोट्या दुकानदाराला बिलात कर लावता येत नाही. त्याचे बिल साधे असते, पण बीजकाचे काम तेही करते.

मालाच्या बीजकाच्या तीन प्रती निघतात: पहिली खरेदीदाराची, दुसरी वाहतूक करणाऱ्याची, तिसरी दुकानाची. शाळेचा शिपाई खोकी मोजून घेतो आणि दुकानाच्या प्रतीवर ‘माल मिळाला’ असे लिहून सही-शिक्का करतो. पुष्कळांना हीच पावती वाटते. ही पोच आहे, आणि ती मालाची आहे, पैशांची नव्हे. सही कोणाची, हे पाहिले की घोटाळा सुटतो. मालाच्या पोचेवर घेणाऱ्याची सही असते. पैशांच्या पावतीवर पैसे घेणाऱ्याची, म्हणजे दुकानदाराची. त्या दिवशी दुकानदाराला कोणी व्यवहाराचे विचारले तर तो म्हणेल, “बिल दिलंय, पैशे गावूक नायत.” त्याच्या वहीत शाळेच्या नावे ९,३४४ रुपये येणे आहेत.

जूनमधला कोकणातला पाऊस ताडपत्रीला जुमानत नाही. एका खोक्याची कड भिजली होती आणि १२ वह्यांची पाने फुगली होती. शाळेने त्या परत पाठवल्या. आता बीजकावर २४० खोडून २२८ लिहावे, असे कोणालाही वाटेल. ते चुकीचे आहे. एकदा दिलेल्या बीजकात खाडाखोड केली तर दुकानाची आणि शाळेची प्रत जुळत नाही, आणि कोणती खरी हे सांगता येत नाही. म्हणून दुकानदार मूळ बीजक तसेच ठेवतो आणि त्याचा क्रमांक घालून १२ गुणिले ३५, म्हणजे ४२० रुपयांची वेगळी जमाचिठ्ठी देतो. तिला बाजारात क्रेडिट नोट म्हणतात. देणे आता ८,९२४ रुपये उरले.

२० जूनला मुख्याध्यापकांनी पालकांकडून जमलेले ६,००० रुपये रोख पाठवले. इथे पहिल्यांदा पावतीपुस्तक उघडते. पावतीवर वह्या आणि पेने यांची यादी नसते. पैसे कोणाकडून आले, किती (आकड्यात आणि अक्षरी), कोणत्या बीजकापोटी, रोख की चेकने, आणि सही, एवढेच असते. रक्कम ५,००० रुपयांच्या वर असल्याने पावतीवर एक रुपयाचा महसुली मुद्रांक चिकटवून त्यावरून सही करावी लागते. सही निम्मी मुद्रांकावर आणि निम्मी कागदावर येते, म्हणजे मुद्रांक काढून दुसरीकडे वापरता येत नाही. जुलैत उरलेल्या २,९२४ रुपयांचा चेक आला आणि दुसरी पावती फाडली गेली. चेक म्हणजे अजून हातात आलेले पैसे नव्हेत. म्हणून अनेक पावतीपुस्तकांवर तळाशी बारीक अक्षरात छापलेले असते: ‘चेक वटल्यासच पावती ग्राह्य’.

अशा रीतीने बीजक एक आणि पावत्या दोन झाल्या. उलटही घडते. शाळेने तीन महिन्यांची तीन बिले एकाच चेकने भागवली तर पावती एकच निघते आणि तिच्यावर तिन्ही बीजकांचे क्रमांक येतात. बीजक नसतानाही पावती असू शकते. देवळातल्या देणगीची पावती तशीच, कारण तिथे काही विकलेले नसते.

गल्लत कोणती होते, हेही पाहण्यासारखे आहे. सर्वांत जास्त वेळा होते ती अशी की फायलीत बिल लावले म्हणजे पैसे दिल्याचा पुरावा झाला, असे समजले जाते. वर्षभराने दुकानदाराने तीच बाकी पुन्हा मागितली तर शाळेला बिल दाखवून काही सिद्ध करता येत नाही. त्या बिलाने उलट देणे असल्याचेच दिसते. बिलावरच ‘पैसे मिळाले’ असा शिक्का, तारीख आणि दुकानदाराची सही असेल तर ते पावतीचेही काम करते. मोबाइलवरून पैसे दिल्यावर स्क्रीनवर दिसणारी हिरवी खूण देणाऱ्याच्या बाजूची नोंद असते. ते पैसे कोणत्या बिलापोटी जमा झाले, हे दुकानदाराच्या पावतीवरूनच कळते.

पावती हरवली तर दुकानदार पावतीपुस्तकातली कार्बन प्रत पाहून ‘दुय्यम प्रत’ असे स्पष्ट लिहून, त्याच क्रमांकाची आणि त्याच तारखेची प्रत देतो. नव्या क्रमांकाची पावती दिली तर वहीत सहा हजारांऐवजी बारा हजार जमा झालेले दिसतील.