शीर्षकातला ‘अथवा’ कुठे गेला?

हस्तलिखित पूर्ण झालं की लेखक अडतो तो नावापाशी. नाव गूढ ठेवलं तर हे पुस्तक कशाचं आहे तेच कळत नाही, आणि उघड ठेवलं तर ते माहितीपत्रकासारखं वाटतं. ही ओढाताण आजची वाटते, पण पूर्वी तिच्यावर एक सोपा तोडगा होता. दोन्ही नावं द्यायची आणि मध्ये ‘अथवा’ घालायचा.

बाबा पदमनजींची १८५७ सालची कादंबरी आज आपण ‘यमुनापर्यटन’ म्हणून ओळखतो. पूर्ण नाव मात्र ‘यमुनापर्यटन अथवा हिंदुस्थानातील विधवांच्या स्थितीचे निरूपण’. पहिला अर्धा भाग लक्षात राहण्यासाठी आहे. यमुना कोण, ती कुठे निघाली, एवढं कुतूहल तो जागं करतो. दुसरा भाग विषय सांगून मोकळा होतो. इंग्रजी कादंबऱ्यांतही ही जोडनावं सर्रास असत.

मुळात शीर्षकाला सगळं सांगावं लागे, कारण सांगायला दुसरं कुणी नव्हतं. छपाईच्या सुरुवातीच्या काळात पुस्तकं बहुधा न बांधलेल्या कागदांच्या रूपात विकली जात. वरचं पान मळू नये म्हणून ते कोरं ठेवत, मग ओळखीसाठी त्यावर चार शब्द छापू लागले आणि हळूहळू त्याचंच आतलं शीर्षकपान झालं. पुढे हे पान जाहिरातीसारखं वापरलं जाऊ लागलं. १७१९ साली आलेल्या ‘रॉबिन्सन क्रूसो’च्या पहिल्या पानावर नायक खलाशी होता, ओरिनोको नदीच्या मुखाजवळच्या निर्जन बेटावर २८ वर्षं एकटा राहिला, जहाज फुटून बाकी सगळे मेले आणि शेवटी चाच्यांमुळे त्याची सुटका झाली, इतकं सगळं शीर्षकातच आहे. शेवट फोडल्याची तक्रार आज नक्की झाली असती! पण वाचकाला साहसकथा हवी असेल तर ती हीच, हे त्या पानाने चोख सांगितलं.

एकोणिसाव्या शतकात प्रकाशक स्वतःच कापडी बांधणी करून पुस्तकं विकू लागले. आता नाव कण्यावर बसवायचं होतं, आणि कण्यावर ‘अथवा’नंतरचा मजकूर मावत नाही. पुढे वेष्टन आलं, त्यावर चित्र आलं, मागे चार ओळींचा परिचय आला. प्रकार आणि विषय सांगायचं काम शीर्षकाच्या अंगावरून उतरलं. माझ्या मते गूढ शीर्षकाची चैन परवडू लागली ती इथून, लेखक अचानक काव्यमय झाले म्हणून नव्हे.

पण चैनीला मर्यादा असते, आणि अमेरिकी कादंबरीकार एफ. स्कॉट फिट्झजेराल्डला ती १९२४ साली कळली. शरद ऋतूत त्याने कादंबरीचं हस्तलिखित फ्रान्सहून न्यूयॉर्कला संपादक मॅक्सवेल पर्किन्सकडे पाठवलं. थोड्याच दिवसांत त्याने नाव कळवलं, ‘ट्रिमाल्किओ इन वेस्ट एग’. ट्रिमाल्किओ हे पेट्रोनियसच्या रोमन कथेतलं पात्र. गुलामीतून सुटून गबर झालेला, डोळे दिपवणाऱ्या मेजवान्या देणारा माणूस. ज्याला संदर्भ माहीत आहे त्याला हे नाव अचूक वाटेल. पण दुकानातला वाचक ते उच्चारताना अडखळणार, आणि वेस्ट एग हे गाव तर लेखकाच्याच कल्पनेतलं. म्हणजे शीर्षकातलं ना पात्र त्याच्या ओळखीचं, ना ठिकाण. गूढ शीर्षकात निदान एक तरी शब्द धरायला लागतो.

पर्किन्सने नोव्हेंबरात उत्तर दिलं की हे नाव त्याला स्वतःला आवडलं आहे, पण कचेरीत त्याच्याशिवाय कुणालाच नाही. तेव्हा बदलाचा विचार लवकर करावा. लेखक बराच घुटमळला. ‘राखेचे ढीग आणि लक्षाधीश’ अशा अर्थाचं नाव झालं, नायकाच्या नावावरून ‘सोनेरी टोपीतला गॅट्सबी’ झाला, नुसता ‘गॅट्सबी’ही झाला. अखेर ‘द ग्रेट गॅट्सबी’वर मंडळी थांबली. यात एक अनोळखी आडनाव आहे, पण त्याआधी सगळ्यांना कळणारं विशेषण आहे, आणि ते खरं की उपरोधाचं हा प्रश्न पुस्तक उघडायला लावतो. तरी मार्च १९२५ मध्ये लेखकाची नाव बदलण्यासाठी तार आलीच. अमेरिकी झेंड्याच्या रंगांवरून ‘अंडर द रेड, व्हाइट अँड ब्लू’ हे नाव त्याला हवं होतं. तोवर उशीर झाला होता. १० एप्रिलला पुस्तक बाहेर पडलं.

विक्री अपेक्षेइतकी झाली नाही, तेव्हा लेखकाने शीर्षकालाही थोडा दोष दिला. टाकलेलं नाव मात्र पूर्ण पुसलं गेलं नाही. सातव्या प्रकरणाच्या सुरुवातीला गॅट्सबीच्या बंगल्यातले मेजवान्यांचे दिवे एका शनिवारी लागतच नाहीत, आणि निवेदक म्हणतो की त्याची ट्रिमाल्किओगिरी संपली.